ज्या गोदामात की ज्या गोदामातून: इंग्रजीच्या दोन जुन्या नियमांचे एक प्रकरण

वर्धा जिल्ह्यात हिंगणघाटच्या बाजूला एका गावातील शेतकऱ्यांनी मिळून कापसाची एक उत्पादक कंपनी काढलेली आहे. सभासदांचा कापूस गोळा करायचा, जिनिंगमध्ये नेऊन त्याच्या गाठी बांधायच्या आणि त्या थेट सूतगिरणीला विकायच्या, असा तिचा व्यवहार आहे. गेल्या हंगामात या कंपनीला तमिळनाडूतील एक गिरणी ग्राहक म्हणून मिळाली. तिकडच्या खरेदी व्यवस्थापकांना मराठी येत नाही, इकडे कोणाला तमिळ येत नाही, आणि हिंदीत दोन्ही बाजू अडखळतात. त्यामुळे व्यवहाराची सगळी बोलणी मोबाइलवर इंग्रजी संदेशांतून होऊ लागली. हे संदेश लिहिण्याचे काम कंपनीच्या समन्वयक ताईंकडे आले. त्या पदवीधर आहेत, घरची पऱ्हाटी स्वतः वेचतात आणि इंग्रजी नीट वाचतात; मात्र परक्या माणसाला इंग्रजीत लिहिण्याचा प्रसंग त्यांच्यावर पूर्वी आला नव्हता.

मी तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवते. हे प्रकरण माझ्याकडे आले ते घोटाळा होऊन गेल्यानंतर. त्यातले सगळे संदेश मला वाचायला मिळाले आणि संबंधितांशी बोलता आले, म्हणून ते क्रमाने मांडते. इंग्रजी वाक्ये नागरीतच दिली आहेत.

पहिला संदेश आणि त्यावरची दुरुस्ती

डिसेंबरच्या अखेरीस ताईंनी गिरणीला पाठवण्यासाठी एक संदेश लिहिला. त्यातील तीन वाक्ये या प्रकरणात महत्त्वाची आहेत. पहिले वाक्य होते, “धिस इज द कॉटन वी स्पोक अबाउट”, म्हणजे ज्या कापसाबद्दल आपण बोललो तो हा. दुसरे होते, “वी हॅव डिसायडेड टू इमीजिएटली स्टॉप मिक्सिंग द थर्ड पिकिंग”, म्हणजे तिसऱ्या वेच्याचा कापूस मिसळणे ताबडतोब थांबवायचे आम्ही ठरवले आहे. तिसऱ्या वेच्यात कवडी, म्हणजे किडका कापूस, जास्त येते आणि धागा कमकुवत असतो, म्हणून गिरणीची तशी मागणीच होती. तिसरे वाक्य पुढच्या वर्षाविषयीचे होते: “वी होप टू मोअर दॅन डबल द क्वांटिटी”, म्हणजे माल दुपटीहून अधिक करण्याची आम्हाला आशा आहे.

पाठवण्याआधी ताईंनी हा मजकूर संचालकांच्या गटात टाकला. त्या गटात गावातील एक निवृत्त मुख्याध्यापक आहेत. गावात सगळे त्यांना गुरुजी म्हणतात, आणि तालुक्यातील दोन पिढ्या त्यांच्याकडे इंग्रजी शिकल्या आहेत. त्यांनी तीनही वाक्ये दुरुस्त केली. पहिल्या वाक्याच्या शेवटी ‘अबाउट’ हे शब्दयोगी अव्यय लोंबकळते आहे म्हणून त्यांनी ते उचलून आत घेतले: “धिस इज द कॉटन अबाउट विच वी स्पोक”. दुसऱ्या वाक्यात ‘टू’ आणि ‘स्टॉप’ यांच्यामध्ये क्रियाविशेषण घुसले आहे म्हणून ते बाहेर काढले: “वी हॅव डिसायडेड इमीजिएटली टू स्टॉप मिक्सिंग”. तिसऱ्यातही तेच केले आणि वाक्य झाले “वी होप मोअर दॅन टू डबल”. खाली त्यांनी दोन नियम लिहिले: ‘टू’ आणि क्रियापद यांची ताटातूट करू नये; वाक्याचा शेवट शब्दयोगी अव्ययाने करू नये.

ताईंनी दुरुस्त केलेला मजकूर पाठवला. दुसऱ्या दिवशी गिरणीकडून प्रश्न आला: तुम्ही ठरवले ताबडतोब हे समजले, पण मिसळणे बंद कधीपासून होणार? आत्ता भरायला घेतलेल्या गाठींमध्ये तिसरा वेचा आहे की नाही? याचे उत्तर देण्यात, मग जिनिंगला विचारण्यात आणि पुन्हा उत्तर देण्यात दोन दिवस गेले. मूळ वाक्य जसेच्या तसे गेले असते तर हा प्रश्न आला नसता, असे मी खात्रीने म्हणते. त्याचे कारण पुढे येईल.

दुसरा संदेश

खरे नुकसान मात्र दोन आठवड्यांनी झाले. कंपनीची दोन गोदामे आहेत. एक गावाच्या आत, काळ्या मातीच्या पांदण रस्त्यावर, आणि दुसरे डांबरी सडकेला लागून. आतल्या गोदामाचे छप्पर गळू लागल्याने सोमवारी सगळ्या गाठी सडकेवरच्या गोदामात हलवल्या. गिरणीची ट्रक निघाली होती. ताईंनी चालकासाठी दोन्ही गोदामांची छायाचित्रे आणि ठिकाणे पाठवली, आणि सडकेवरच्या गोदामाखाली लिहायला घेतले, “धिस इज द गोडाउन द बेल्स वेअर मूव्ह्ड टू”. लिहिताना त्यांना गुरुजींचा नियम आठवला. शेवटचे ‘टू’ खटकले. ते आत कुठे न्यायचे हे पटकन सुचेना, म्हणून त्यांनी ते काढूनच टाकले आणि मध्ये ‘विच’ घातले. संदेश गेला तो असा: “धिस इज द गोडाउन विच द बेल्स वेअर मूव्ह्ड ऑन मंडे”.

या वाक्यात गाठी त्या गोदामात हलवल्या की त्या गोदामातून हलवल्या, हे कुठेच नाही. गिरणीच्या माणसाने ‘तून’ असा अर्थ घेतला, म्हणजे हे गोदाम रिकामे झाले असे समजून चालकाला दुसऱ्या ठिकाणी, आतल्या गोदामाकडे, पाठवले. त्या आठवड्यात अवकाळी पाऊस पडून गेला होता. ट्रक पांदण रस्त्यावर चिखलात रुतली. ट्रॅक्टर लावून ती बाहेर काढेपर्यंत दुपार टळली, आणि भरणी दुसऱ्या दिवसावर गेली. त्या खोळंब्याचे भाडे कंपनीला सोसावे लागले.

त्यानंतर ताई माझ्याकडे आल्या तेव्हा म्हणाल्या, “मॅडम, आता मले वाक्य लिहाचीच भीती वाटते. शेवटी काय ठेवाचं अन् काय नाही, तेच समजत नाही.” सहा वर्षे इंग्रजी शिकवल्यावर ‘लिहायची भीती’ हे शब्द मी पुष्कळदा ऐकले आहेत, पण भीतीमुळे नेमका कोणता शब्द गळला आणि त्यामुळे ट्रक कोणत्या रस्त्याला गेली, हे इतके स्पष्ट दाखवणारे उदाहरण मला आधी मिळाले नव्हते.

मराठी माणसाच्या हातून हा शब्द का गळतो

मराठीत ‘ज्या गोदामात’, ‘ज्या गोदामातून’, ‘ज्या शेतकऱ्यांकडून’, ‘ज्या कापसाबद्दल’ असे म्हणावेच लागते. आपली विभक्तीची आणि शब्दयोगी अव्ययांची शेपटी नामाला चिकटलेली असते. ती तोडून वाक्याच्या शेवटी ठेवण्याची सोयच मराठीत नाही. ‘जे गोदाम गाठी हलवल्या त’ असे कोणी म्हणू शकत नाही. इंग्रजीत मात्र हा शब्द सुटा असतो, त्यामुळे तो दोन ठिकाणी बसू शकतो: संबंधी सर्वनामाच्या आधी, ‘टू विच’ असा, किंवा वाक्याच्या शेवटी, एकटा. इंग्रज माणूस बोलताना बहुधा दुसरी जागा निवडतो. त्याचा कान त्या जागेची वाटच पाहत असतो, आणि ती रिकामी राहिली तर त्याला लगेच खटकते.

आपल्या कानाला ती सवय नसते. म्हणून ‘शेवटी ठेवू नको’ एवढाच नियम मराठी माणसाला दिला की तीन गोष्टी होतात, आणि त्या तिन्ही मी विद्यार्थ्यांच्या वह्यांत पाहिल्या आहेत. काही जण शब्द आत नेतात आणि वाक्य बरोबर पण जड होते. काही जण तो आत नेतात आणि सवयीने शेवटीही ठेवतात: “द शॉप फ्रॉम विच वी बॉट द सीड फ्रॉम”. आणि बरेच जण ताईंप्रमाणे तो शब्द गाळतात. तिसरी चूक सर्वांत वाईट, कारण लिहिणाऱ्याला ती दिसतच नाही. मनात मराठी वाक्य पूर्ण असते, ‘ज्यात’ किंवा ‘ज्यातून’ मनात स्पष्ट असते, आणि कागदावरचा ‘विच’ तेवढेच सांगतो आहे असा भास होतो. पण ‘विच’मध्ये फक्त ‘जे’ आहे, त्यातला ‘त’ किंवा ‘तून’ नाही.

हे सांगितल्यावर मी ताईंना एक साधी तपासणी दिली. ‘विच’ किंवा ‘हूम’ लिहिले, किंवा ते गाळून नुसते जोडवाक्य लिहिले, की तेवढा भाग मनात मराठीत म्हणायचा आणि ‘ज्या’च्या नामाला कोणती शेपटी लागली ते पाहायचे: ला, त, तून, कडून, बद्दल, वर, साठी. मग त्या शेपटीसाठी इंग्रजी वाक्यात वेगळा शब्द कुठे तरी आहे का, हे बोटाने शोधायचे. पुढे असो, शेवटी असो, असला म्हणजे झाले. शेपटी नसेल, म्हणजे ‘जे गोदाम आम्ही बांधले’ असे वाक्य असेल, तर इंग्रजीतही काही नको. या तपासणीत शब्दाची जागा दुय्यम आहे आणि तो असणे मुख्य आहे. जुन्या नियमात नेमके उलटे झाले होते.

नियम आले कोठून

यानंतर मी गुरुजींना भेटायला गेले. ताईंनी त्यांच्यावर दोष टाकला नव्हता आणि मलाही तो टाकायचा नव्हता. त्यांचेही म्हणणे सरळ होते: “पोरी, मले जसं शिकवलं तसंच मी सांगितलं. आमच्या मास्तरांनी यावर मार्क कापले होते.” त्यांना खरोखर जाणून घ्यायचे होते की हे नियम कोणी केले, म्हणून आम्ही त्यावर बराच वेळ बोललो.

शब्दयोगी अव्यय शेवटी नको, ही तक्रार इंग्रजीत ठळकपणे पुढे आणली ती कवी जॉन ड्रायडन यांनी, १६७२ साली. बेन जॉन्सन या आधीच्या पिढीतील नाटककाराच्या एका ओळीच्या शेवटी ‘फ्रॉम’ आला आहे, हा दोष म्हणून त्यांनी दाखवला आणि हीच चूक अलीकडे आपल्याही लेखनात आढळली असे कबूल केले. पुढे १६८४ मध्ये आपल्या एका जुन्या निबंधाची नवी आवृत्ती काढताना त्यांनी अशी वाक्ये बदलली. शेवटचे अव्यय दोष का मानायचे, याचे कारण मात्र त्यांनी दिले नाही.

ज्यांच्या व्याकरणातून हा नियम शाळांत पसरला असे मानले जाते, ते रॉबर्ट लोथ, पुढे लंडनचे बिशप झालेले. त्यांचे व्याकरण १७६२ चे. त्यात त्यांनी लिहिले आहे की ही लकब आपल्या भाषेचा ओढाच आहे, ती बोलण्यात सर्रास आढळते आणि घरगुती ढंगाच्या लेखनाला चांगली शोभते. फक्त गंभीर, भारदस्त लेखनात अव्यय आधी आणणे अधिक डौलदार व सुस्पष्ट होते. आणि ‘आपल्या भाषेचा ओढा’ सांगणारे त्यांचे स्वतःचे वाक्य ‘टू’वर संपलेले आहे. म्हणजे अनौपचारिक लेखनात हा नियम लागू आहे का, हा जो प्रश्न आपण आज विचारतो, त्याला नियमाच्या उगमापाशीच ‘नाही’ असे उत्तर दिलेले होते. शाळेपर्यंत येताना पसंती उरली आणि तिची अट वाटेत पडली.

गुरुजींच्या कपाटात रेन आणि मार्टिन यांचे व्याकरण होते, भारतातील शाळांत १९३५ पासून चालत आलेले. मी त्यांना त्यातला शब्दयोगी अव्ययांचा धडा काढायला सांगितला. तिथे “हिअर इज द वॉच दॅट यू आस्क्ड फॉर” हे वाक्य बरोबर म्हणून दिलेले आहे, आणि संबंधी सर्वनाम ‘दॅट’ असेल तर अव्यय शेवटीच येते असेही सांगितले आहे. गुरुजींनी ते दोनदा वाचले. ज्या पुस्तकावर त्यांनी आयुष्यभर शिकवले, त्या पुस्तकात त्यांचा नियम नव्हता. तो पुस्तकातून आलाच नव्हता. एका मास्तरांकडून दुसऱ्या मास्तरांकडे लाल शाईतून आला होता. मला हे या प्रकरणातले सर्वांत महत्त्वाचे निरीक्षण वाटते, आणि माझ्या स्वतःच्या लाल शाईकडे मी तेव्हापासून जरा थांबून पाहते.

‘टू’ फोडू नये हा दुसरा नियम त्याहून अर्वाचीन आहे, एकोणिसाव्या शतकातला. कँटरबरीचे डीन हेन्री आल्फर्ड यांच्या १८६४ च्या पुस्तकात त्याचा ठळक उल्लेख सापडतो. त्यांना कोणी पत्र लिहून ‘टू सायंटिफिकली इलस्ट्रेट’ अशा रचनेचे समर्थन केले होते. त्यावर आल्फर्ड म्हणतात की अशी पद्धत इंग्रजी बोलणाऱ्या-लिहिणाऱ्यांना अगदी अपरिचित आहे आणि ‘टू’ आपण क्रियापदापासून अविभाज्य मानतो. हे विधान वस्तुस्थितीला धरून नव्हते; अशी रचना इंग्रजीत काही शतकांपासून तुरळक का होईना आढळत होती. लॅटिनमध्ये हे क्रियारूप एकाच शब्दाचे असते, ते फोडता येत नाही, म्हणून इंग्रजीतही फोडू नये असा हा नियम आहे, असे पुष्कळ ठिकाणी सांगितले जाते आणि मीही वर्गात ते सांगत असे. पण आल्फर्ड लॅटिनचे नावही घेत नाहीत; ते केवळ वापराची साक्ष काढतात. आता मी ते कारण सांगणे बंद केले आहे.

इथे आपल्यासाठी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. मराठीतही ‘थांबवणे’, ‘थांबवायला’ हा एकच शब्द आहे. तो मध्ये फोडता येत नाही, आणि ‘ताबडतोब थांबवायला’ म्हटले की ताबडतोब कशाला लागले हे बहुधा कळते, कारण ते क्रियापदाला अगदी खेटून येते. इंग्रजीत तेच खेटून बसणे साधायचे तर कधी कधी ‘टू’च्या आत शिरावे लागते.

दुसऱ्या वाक्याची उकल

ताईंच्या दुसऱ्या वाक्यात ‘इमीजिएटली’ला चार जागा होत्या. मी त्या गुरुजींसमोर कागदावर लिहिल्या. गुरुजींची जागा, ‘डिसायडेड इमीजिएटली टू स्टॉप’, ही दोन क्रियापदांच्या मधोमध आहे. वाचणारा तिला मागच्या ‘ठरवले’शीही जोडू शकतो आणि पुढच्या ‘थांबवणे’शीही. गिरणीच्या माणसाने मागे जोडले. दुसरी जागा ‘टू स्टॉप इमीजिएटली मिक्सिंग’. इथे ताबडतोब थांबवणे की ताबडतोब मिसळणे, असा नवा गोंधळ. तिसरी जागा अगदी शेवटी, ‘थर्ड पिकिंग’च्या नंतर, तिथे तीन क्रियापदांपैकी कोणाचेही ते असू शकते आणि थांबण्यापासून ते सर्वांत दूर पडते. चौथी जागा ताईंनी मुळात लिहिलेली, ‘टू इमीजिएटली स्टॉप’. त्या जागेवरून ते फक्त थांबवण्यालाच लागते. म्हणजे ज्या एका जागेवर अर्थ पक्का होता, तीच जागा नियमाने बंद केली होती.

प्रत्येक वाक्यात असे होत नाही. ‘टू केअरफुली चेक द बेल्स’ आणि ‘टू चेक द बेल्स केअरफुली’ यांत अर्थाचा काही फरक नाही; दुसरे कानाला अधिक सहज लागते आणि जुन्या वळणाच्या वाचकालाही खटकत नाही, तर तेच लिहावे. फोडण्याचा हट्टही नको. पण ज्या वाक्यात दोन क्रियापदे आहेत, तिथे क्रियाविशेषण प्रत्येक जागी ठेवून ‘हे कोणाचे?’ असे विचारावे, आणि उत्तर एकच येईल ती जागा घ्यावी.

तिसऱ्या वाक्यात तर दुसरी जागाच नाही. ‘मोअर दॅन डबल’ हे एकत्रच राहते. ‘होप मोअर दॅन टू डबल’ केले की दुप्पट करण्यापेक्षा जास्त काही तरी करण्याची आशा आहे असा भलताच सूर लागतो. ‘टू डबल मोअर दॅन द क्वांटिटी’ केले तर अर्थच बदलतो. ‘टू’ फोडायचा नसेल तर सगळे वाक्य मोडून नव्याने लिहावे लागते, आणि घाईच्या संदेशात तेवढी खटपट करण्याचे कारण नाही.

गुरुजींनी यावर एक प्रश्न विचारला तो योग्य होता: गिरणीच्या माणसाला ‘टू इमीजिएटली’ अडाणीपणाचे वाटले असते तर? मी त्यांना सांगितले की १९२६ मध्ये हेन्री फाउलर यांनी आपल्या वापरकोशात याच विषयावर इंग्रजी भाषकांचे पाच गट पाडले होते. काहींना हा प्रकार माहीत नाही आणि फिकीरही नाही, काहींना माहीत नाही पण फार फिकीर आहे, काही जाणून निषेध करतात, काही जाणून मान्य करतात, आणि काही जाणून फरक करतात. शेवटचे अव्यय वाईट, या समजुतीला तर ते जपून ठेवलेली अंधश्रद्धा म्हणतात. ब्रिटनमधील बोलल्या जाणाऱ्या इंग्रजीचा मोठा संग्रह तपासल्यावर असे आढळले की फोडलेल्या ‘टू’चा वापर १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून २०१० च्या दशकापर्यंत जवळपास तिप्पट झाला. ‘द इकॉनॉमिस्ट’ या साप्ताहिकाच्या लेखनपद्धतीने बराच काळ हा प्रकार टाळा असे सांगितले होते. २०१८ च्या आवृत्तीत तो सल्ला काढून टाकला. त्यामुळे मोबाइलवरच्या व्यापारी संदेशात असे वाक्य वाचून कोणी नाक मुरडण्याची शक्यता फार थोडी, आणि मुरडले तरी कोणता कापूस कधीपासून येणार हे त्याला कळलेले असेल.

तरीही एक गोष्ट मी ताईंना वेगळी सांगितली. त्या वाक्यात सर्वांत उपयोगी शब्द ‘इमीजिएटली’ नव्हताच. “फ्रॉम टुमॉरोज लॉट देअर विल बी नो थर्ड पिकिंग”, उद्याच्या लॉटपासून तिसरा वेचा नसेल, असे लिहिले असते तर क्रियाविशेषणाच्या जागेचा प्रश्नच उद्भवला नसता. पण हा धडा व्यवहाराचा आहे, व्याकरणाचा नव्हे.

कुठे थांबायचे

शेवटी अव्यय ठेवण्यालाही मर्यादा आहेत. काही अव्यये तिथे बसतच नाहीत. ‘ड्युरिंग’ हे त्यांपैकी एक: ज्या आठवड्यात पाऊस पडला तो आठवडा, हे ‘द वीक इट रेन्ड ड्युरिंग’ असे म्हणता येत नाही, ‘ड्युरिंग विच’ किंवा सरळ ‘व्हेन’ लागते. दुसरे, नाम आणि त्याचे अव्यय यांच्यामध्ये दोन-तीन पोटवाक्ये आली तर वाचणारा शेवटच्या ‘फ्रॉम’पाशी पोचेपर्यंत ते कशाचे हे विसरतो, तिथे ‘फ्रॉम विच’ आधी आणणे हीच सोय. लोथ यांनी सुस्पष्टतेचा मुद्दा काढला तो लांब वाक्यांच्या बाबतीत आजही खरा आहे. तसेच ‘टू’ आणि क्रियापद यांच्यामध्ये एखादा शब्द खपतो, पण सहा-सात शब्दांची रांग घातली की वाक्य धापा टाकते.

आणि काही वेळा वाक्याच्या शेवटी दिसणारा शब्द मुळात अव्यय नसतोच. “प्लीज स्विच द पंप ऑफ” यातला ‘ऑफ’ क्रियापदाचाच भाग आहे. तो फार तर ‘स्विच ऑफ द पंप’ असा क्रियापदाजवळ सरकवता येतो, पण गाळला तर पंप चालू करायचा की बंद, ते कळणार नाही. ताईंनी घोटाळ्यानंतरच्या आठवड्यात असे दोन शब्दही भीतीने गाळले होते, ते मला त्यांचे संदेश वाचताना सापडले.

फेब्रुवारीत शेवटच्या गाठी गेल्या तेव्हा ताईंनी लिहिले, “दीज आर द फार्मर्स वी बॉट द कॉटन फ्रॉम, अँड वी होप टू मोअर दॅन डबल द लिस्ट नेक्स्ट इयर”, आणि खाली सभासदांची यादी जोडली. गुरुजींनी गटात ते वाचले आणि काही बदलले नाही. बँकेला जाणारा कंपनीचा वार्षिक अर्ज मात्र त्यांनी स्वतः लिहिला. त्यात गोदामाच्या कलमात ‘द गोडाउन इन विच द बेल्स आर स्टोअर्ड’ असे आहे, आणि ताईंनी ते तसेच राहू दिले.